सोनीबाई पाटलांचा फोटो आणि आमची बेलभंडाराची शपथ

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. अवसरी बुद्रुकहून मोटरसायकलवर वीस मिनिटांत येता येतं, एवढं पुरे. गावाला स्वतःच्या अब्रूची फार काळजी आहे. दुसऱ्याच्या अब्रूचं गाव काय करतं, ते पुढं सांगतो.

मी या गावच्या शाळेचा मुख्याध्यापक. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. त्यातला एक कायम मीटिंगला, म्हणून मुख्याध्यापक मीच आणि घंटा वाजवणाराही मीच. गावात कसलाही कागद लिहायचा असला की गुरुजींना बोलवा. त्यामुळं जे घडलं त्यातला बराच भाग माझ्याच अक्षरात आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

सोनीबाई २००३ साली आमच्या गावची पोलीस पाटील झाली. जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा भिमाजी आप्पांनी आपल्या सुनेचा अर्ज भरला होता. गावातला शेवटचा शब्द आप्पांचाच असायचा, त्यामुळं निकाल काय लागणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त प्रांतसाहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी लेखी परीक्षा घेतली. आप्पांच्या सुनेनं उत्तरपत्रिकेवर वरती "श्री गणेशाय नमः" लिहिलं आणि खाली जवळजवळ तेवढंच. दहावी पास सोनीबाई पहिली आली.

तिचा नवरा सावळेराम टेंपोवर ड्रायव्हर, नारायणगावचा टोमॅटो वाशीला पोचवायचा. बोलणं कमी. कुणी चिडवलं तर म्हणायचा, "ती पाटील, मी पाटलीण. तुला काय तरास?" सासू साळुबाई मात्र सुनेशी रोज भांडायची. बायामाणसानं पोलिसांबरोबर फिरायचं म्हणजे काय, असा तिचा सवाल होता आणि तो ती अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा विचारायची.

सोनीबाईला एकच खोड होती. काही घडलं की कुणाला हात लावू द्यायची नाही. एकदा कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली, तर ही बाई चिखलातल्या पावलावर घमेलं पालथं घालून शेजारी चार तास बसून राहिली. लोक हसले. हवालदार आले, पाऊल मोजलं, आणि चोर तिसऱ्या दिवशी मिळाला. त्यावरही लोक हसलेच, कारण चोर हसणाऱ्यांतलाच होता.

मग २००८ च्या दिवाळीआधी घोड नदीतून वाळू भरलेला एक ट्रॅक्टर तिनं तहसीलदारांना कळवला. नंबर, वार, वेळ, सगळं वहीत टिपलेलं. ट्रॅक्टर भिमाजी आप्पांचा होता. आप्पा काही बोलले नाहीत. आप्पा बोलले नाहीत की गावानं सावध व्हायचं असतं.

त्यांचा पुतण्या आदेश. वय चोवीस, धंदा फ्लेक्सचा आणि पुढारीपणाचा. एस. टी. स्टँडवर त्याचा स्वतःचा फोटो कायम टांगलेला असायचा: गॉगल, कानाला मोबाईल, खाली "आपला यंग टायगर". कशाबद्दल अभिनंदन ते बोर्डावर कधीच नसायचं.

बारा नोव्हेंबरला मधल्या सुट्टीत मी स्टँडवर चहा पीत होतो. माझ्याकडं नवा मोबाईल होता. जावयानं दिलेला, त्यातलं मला फोन उचलणं आणि ठेवणं एवढंच येत होतं. तो थरथरला. ब्लूटूथवरून काहीतरी येतंय, घेऊ का, असं विचारत होता. मला वाटलं खंडोबाचा फोटो असेल, त्या दिवसांत पोरं देवांचे फोटो एकमेकांना पाठवायची. मी "हो" दाबलं.

खंडोबा नव्हता. कुठल्या तरी परक्या बाईचं उघडं अंग होतं आणि त्यावर सोनीबाईचा चेहरा होता. गंभीर चेहरा, सरकारी कामाला उभी राहते तसा. खाली लिहिलं होतं, "गावची पाटलीण, ड्युटीवर".

मी मोबाईल खिशात टाकला. स्टँडवर सात-आठ जणांचे मोबाईल एकाच वेळी थरथरले होते आणि सगळेच्या सगळे वर आभाळाकडं बघत चहा पीत होते. चहावाल्यानं नंतर सांगितलं की त्या दिवशी खप दुप्पट झाला.

दोन दिवसांत तो फोटो पोचला नाही असं घर राहिलं नाही. गावानं फार मनापासून संताप केला. प्रत्येकानं तो फोटो दुसऱ्याला दाखवून म्हटलं, "बघा, काय दिवस आले, असलं बघवत तरी का?" ज्याला बघवत नव्हतं त्यानं मेमरी कार्डात कॉपी करून घेतला. सोनीबाईला कळलं ते तिच्या पोरीकडून. श्रेया माझ्याच वर्गात, चौथीत. कुणीतरी तिला काही बोललं आणि ती दप्तर न घेताच घरी पळाली.

साळुबाईनं शेजारच्या पोराच्या हातातून मोबाईल हिसकावून फोटो डोळ्याला लावून बघितला. मग अंगणात उभी राहून ओरडली, "ह्ये माज्या सुनंचं आंगच न्हाई! तिच्या डाव्या दंडाव गुळाच्या काहिलीचा चटका हाय, ह्या येवढा, गुऱ्हाळावरचा! ह्या भवानीचा दंड कोरा हाय. डोळं फुटलं का समद्यांचं?" पाच वर्षं सुनेशी भांडलेली बाई. अख्ख्या गावात पहिला तपास तिनं केला, हे मी लिहून ठेवतो.

सोनीबाईनं त्या पोराला सांगितलं, "पुसू नको, कुनाला पाठवू नको. मी उद्या येते." दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला प्रांत कचेरीतून बोलावणं आलं, म्हणून ती गेली. आणि इकडं गावकीची बैठक भरली.

बैठक भिमाजी आप्पांनीच बोलावली. खंडोबाच्या देवळात, भरदुपारी. आप्पा सर्वांत जास्त संतापले होते. "आपल्या लेकीबाळीची इज्जत," ते म्हणाले, "ती चव्हाट्याव राहू देयाची न्हाई. आत्ताच्या आत्ता, समद्यांनी बेलभंडार उचलायचा आन् ज्याच्या त्याच्या मोबाईलातून घाण पुसायची. ज्यानं ठेवली त्याला खंडोबा बघून घेईल."

लोकांचे डोळे पाणावले. असा आमच्या गावचा रिवाज आहे. भांडण असो, भानगड असो, देवापुढं बेलभंडार उचलला की मिटलं. मी ठराव लिहिला: "गावची अब्रू राखण्यासाठी सर्वानुमते". एकेक जण पुढं आला, भंडारा कपाळाला लावला, मोबाईल आप्पांना दाखवून फोटो पुसला. आदेशनं सगळ्यांत आधी पुसला, आणि ज्यांना पुसता येत नव्हतं त्यांना मदत करत हिंडला. काय सेवाभाव!

मीही शपथ घेतली. माझी पाळी आली तेव्हा मी ठराव लिहीत होतो. आप्पा म्हणाले, "गुरुजीच त्ये, त्यांचं काय बघायचं?"

सोनीबाई संध्याकाळच्या एस. टी.नं उतरली तेव्हा पंधरा माणसं तिला सांगायला उभी होती. "ताई, काळजी करू नगा. समदं पुसलं. येकाकडं न्हाई राह्यला." सगळ्यांचे चेहरे प्रसादाचा शिरा वाटणाऱ्यासारखे.

ती स्टँडच्या ओट्यावर बसली. मला म्हणाली, "गुरुजी, खून झाल्याव गावानं मिळून रगत धुऊन काढलं, तर पंचनामा कशाचा करायचा?"

मग तिनं प्रांत कचेरीतलं सांगितलं. तिची पाच वर्षांची मुदत डिसेंबरअखेर संपत होती. नूतनीकरणाची फाईल वर गेली होती, आणि त्या फाईलीत एक निनावी अर्ज येऊन पडला होता. "सदर महिलेचे वर्तन पदास शोभणारे नाही." सोबत पुरावा म्हणून त्या फोटोची रंगीत प्रिंट. प्रांतांनी पंधरा दिवसांत खुलासा मागितला होता. तिनं तिथं काय केलं? रडली नाही. लेखी अर्ज दिला की ही प्रिंट आणि तिचा लिफाफा, पोस्टाच्या शिक्क्यासकट, फाईलीतच जपून ठेवावा, कुणी हाताळू नये. कारकुनाकडून पोच घेतली.

"पन प्रिंट म्हंजी नुस्ता कागुद," ती म्हणाली. "कुनी धाडला, कवा धाडला, ह्ये मोबाईलातच असतंय. आन् त्ये तुमी देवापुढं पुसून टाकलं."

दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली. सावळेरामनं एक खेप बुडवली आणि बरोबर गेला. ठाण्यातल्या हवालदारांनी फार आपुलकीनं ऐकलं. "अब्रुनुकसानी म्हणजे अदखलपात्र. कोर्टात जावा, वकील लावा. आन् इंटरनेटचं-बिंटरनेटचं असलं तर पुण्याला सायबरला." तिनं विचारलं, "मग गुन्हा घडला कुठं? पुण्याला?" हवालदार म्हणाले, "फोटो कुठंय?"

ती परत आली आणि वही घेऊन घरोघर फिरली. तुमच्याकडं राहिलाय का? कुणाच्या मोबाईलात, कार्डात, कॉम्प्युटरात? बारीकसारीक टिपत होती: कुणाला किती वाजता आला, कुणाकडून आला. लोकांचा फार अपमान झाला. "बेलभंडार उचललाय आमी! आमाला काय समजता?" त्या आठवड्यात आमच्या गावाइतकं सत्यवचनी गाव जुन्नर-आंबेगावात दुसरं नसेल. आणि त्याच आठवड्यात चावडीमागं पोरं घोळक्यानं कशाकडं बघत होती, ते मी विचारलं नाही.

माझं घर शेवटचं. तिनं विचारलं, "गुरुजी, तुमच्याकडं?"

मी म्हणालो, "छे छे. शपथ घेतलीय."

तिनं वहीत माझं नाव लिहिलं आणि पुढं "नाही" लिहिलं. मी तिच्या हाताकडं बघत राहिलो. बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि माझ्या खिशात तो फोटो होता.

पुसला का नाही? आप्पांनी बघितलं नाही म्हणून नाही पुसला. पहिल्या दिवशी मनाशी म्हटलं, पुढं पुरावा म्हणून लागेल. माणूस स्वतःशी किती सभ्यपणानं बोलतो! पुरावा म्हणून ठेवला असता तर ती दारात आली तेव्हा दिला असता. तो मी उघडून बघत होतो. बायको देवळात गेली की, शाळा सुटली की. शेजारच्या सोनीबाईला मी पाच वर्षं "ताई" म्हणत होतो. एवढं लिहिलं, आता पुढचं लिहायला हरकत नाही.

दोन दिवस मी शाळेत फळ्याकडं तोंड करून शिकवलं. श्रेयाची जागा रिकामी होती, ती घराबाहेर पडत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिची आई पाणवठ्यावर पाणी भरायला गेली तेव्हा तिथल्या बाया हंडे उचलून बाजूला झाल्या, ते मी शाळेच्या ओट्यावरून पाहिलं. ज्यांच्या नवऱ्यांनी शपथ घेतली होती त्याच बाया. मी घरी न जाता थेट सोनीबाईच्या अंगणात गेलो आणि म्हणालो, "माझ्याकडं आहे."

मी मोबाईल पुढं केला. ती झटकन मागं सरली. "माज्या हातात देऊ नगा. तुमी उघडू बी नगा, कुनाला पाठवू नगा. ब्लूटूथ बंद करा आन् मोबाईल बंद करून ठिवा. ज्याच्याकडं आला त्याच्याच हातून साहेबांपुढं गेला पायजे. न्हाईतर उद्या म्हनतील, हिनंच घातला." मग वहीतलं "नाही" तिनं खोडलं नाही. खाली तारीख टाकून लिहिलं, "नंतर स्वतः येऊन आहे म्हणाले."

मूळ फोटो कुठला, ते तिला आधीच सुचलं होतं. सव्वीस जानेवारीला तहसील कचेरीत तिचा सत्कार झाला होता, तो फोटो इब्राहिमभाईंनी काढला होता. जुन्नरचे इब्राहिमभाई, पंचवीस वर्षांचा स्टुडिओ. दाढीपेक्षा पांढरा त्यांचा हिशोबीपणा: प्रत्येक कार्यक्रमाची सीडी, तिच्यावर तारीख, कपाटात तारीखवार रचलेली. त्यांनी सीडी काढली आणि पडद्यावर दाखवलं. तोच चेहरा, तीच मान डावीकडं कललेली, आणि त्या घाणेरड्या फोटोत हनुवटीखाली जो हिरवा ठिपका राहिला होता तो सत्काराच्या शालीचा काठ. "इस सीडी का कॉपी मैंने एकच आदमी को दिया था," ते म्हणाले. "तुमचा फ्लेक्सवाला. अभिनंदनाचा बोर्ड करायचा म्हणून घेऊन गेला. बोर्ड लागलाच नाही ना?" लागला नव्हता. त्यांनी त्या फोटोची एक प्रत काढून दिली आणि तारखेसकट सहीनिशी लिहून दिलं की ही प्रत आपल्याच कॅमेऱ्यातली आणि आपल्याच कॉम्प्युटरमधून काढलेली.

सोनीबाई, सावळेराम, इब्राहिमभाई आणि मी, असे आम्ही चौघं पुण्याला ग्रामीण पोलिसांच्या कचेरीत गेलो, सायबरचं काम बघणाऱ्या साहेबांकडं. साहेब तरुण होते आणि वैतागलेले होते, कारण त्यांच्याकडं येणारा प्रत्येक माणूस आधी सगळं पुसून यायचा. सोनीबाईची वही वाचून ते खुर्चीत सरळ बसले.

दोन पंच बोलावले. माझा मोबाईल त्यांच्यासमोर चालू झाला. मोबाईलचा नंबर, आतला पंधरा आकडी नंबर, सगळं लिहून घेतलं. फोटो होता तो इनबॉक्समध्येच.

"गॅलरीत घेतला नाही?" साहेबांनी विचारलं.

"येत नाही मला," मी म्हणालो.

साहेब पहिल्यांदा हसले. "बरं झालं. बाकीच्यांसारखा गॅलरीत घेतला असता तर कोणाकडून आला ते राहिलं नसतं." त्यांनी पडदा पंचांकडं वळवला. पाठवणाऱ्याच्या जागी त्याच्या मोबाईलचं ब्लूटूथचं नाव होतं: यंग टायगर. खाली तारीख आणि वेळ, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं.

माणसानं आख्खं कारस्थान लपवलं आणि मोबाईलला नाव मात्र बोर्डावरचंच ठेवलं. सावळेराम म्हणाला, "पुढारी हाय. नावाबिगर कायच धाडायचा न्हाई."

साहेबांनी हात वर केला. "नावानं काही सिद्ध होत नाही, नाव कुणीही ठेवील. पण कुठं शोधायचं ते कळलं." मोबाईल लिफाफ्यात घातला, लाखेचं सील, पंचांच्या सह्या. ठाण्याला फोन गेला आणि ज्या ठाण्यात अदखलपात्र होतं त्याच ठाण्यात त्या संध्याकाळी गुन्हा दाखल झाला: बदनामीसाठी बनावट तयार करणं, स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूनं केलेलं कृत्य, आणि आयटी कायद्याचं सदुसष्ट कलम. आयटीचा तपास उपअधीक्षकच करू शकतो असा तेव्हा कायदा होता, म्हणून उपअधीक्षक आले. आदेशचा मोबाईल आणि दुकानातला कॉम्प्युटर सील होऊन प्रयोगशाळेत गेला. त्यानं सगळं पुसलं होतंच. प्रयोगशाळेनं त्यातलं बरंचसं वर काढलं: शालीसकटचा मूळ फोटो, परक्या बाईचा फोटो, अर्धवट जोडलेले तीन नमुने, आणि प्रांताला गेलेला निनावी अर्ज.

पुण्याचं मशीन पुसलेलं वर काढतं, ही बातमी गावात पोचली त्या दिवशी तीन मोबाईल विहिरीत पडले. एक तर चालत्या बैलगाडीतून पडला म्हणे, विहीर तिथून अर्धा मैल. भिमाजी आप्पा दमा झाला म्हणून मुलीकडं आळे गावी गेले.

माझा जबाब मात्र पुण्याला त्या पहिल्याच दिवशी झाला. मी बोलत होतो, शिपाई टाईप करत होता. सोनीबाई आणि सावळेराम समोरच्या बाकावर होते. साहेब म्हणाले, "शपथ घेऊनही ठेवलात. का? बचावाचा वकील हेच पहिलं विचारणार. तेव्हा खरं सांगा, खोटं निघालं तर तुमचा सगळाच जबाब जाईल."

पुरावा म्हणून, हे शब्द जिभेवर तयार होते. ते म्हटलं असतं तर कुणाला कळलं असतं? मी बाकाकडं बघितलं नाही. म्हणालो, "मला तो बघायचा होता. मी तो अनेक वेळा बघितला."

शिपायानं ते तसंच टाईप केलं. शेवटी शिपायानं नियमाप्रमाणं सगळा जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. ते वाक्यही.

जानेवारीत प्रांतांनी नूतनीकरणाचा हुकूम काढला, पाच वर्षांसाठी. फाईलीत उपअधीक्षकांचा अहवाल होता आणि त्यात माझ्या जबाबाचा उल्लेख होता. आदेशवर दोषारोपपत्र गेलं. खटला चालू आहे. आमच्याकडं खटला चालू असतो तसा चालू आहे. पाणवठ्यावरच्या बाया पुन्हा तिच्या हंड्याला हात लावू लागल्या. गावानं सत्कार करायचं ठरवलं, तिनं नको म्हटलं.

माझ्याशी ती पूर्वीसारखीच वागत होती. "गुरुजी, बरं हाय का?" श्रेया परत वर्गात येऊ लागली. मला वाटलं, मिटलं. गुन्हा कबूल केलेला माणूस किती लवकर स्वतःला सोडून देतो!

परीक्षा झाली, निकाल लागला. श्रेया वर्गात दुसरी. पाचवीसाठी गावातली सगळी मुलं शेजारच्या गावच्या शाळेत जातात, पण श्रेयाची धाकटी बहीण दुसरीत होती. मे महिन्यात सोनीबाई दोन अर्ज घेऊन आली. दोघींचे दाखले हवे होते. धाकटीला रोज एस. टी.नं चार किलोमीटर लांबच्या शाळेत घालायची होती.

"धाकटीला कशाला, ताई?" मी म्हणालो. "शाळा दारात आहे."

"तुमी खरं बोलला म्हनून माजं नाव राह्यलं, गुरुजी. त्ये मी मरंपत्तुर इसरायची न्हाई. मधीच वर्स मोडू नये म्हनून पोरीस्नी इथं ठिवलं." ती शांतपणे बोलत होती. "आता द्या दाखला."

मी धाकटीचा दाखला भरला. "शाळा सोडण्याचे कारण" या रकान्यात लिहिलं, "पालकांची इच्छा". सही केली, शिक्का मारला, कागद पुढं केला.

तिनं सावकाश वाचला, त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि कागद परत माझ्याकडं सरकवला.

"ह्ये खरं न्हाई," ती म्हणाली. "पुन्यात साहेबांपुढं लिवलं, तसं हितंबी लिवा."

मी पेन उघडलं. ती समोर उभी राहून वाट बघत होती.